कडेचा माणूस आणि हातातली पिशवी

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी आलेली छायाचित्रे निवडून, स्वच्छ करून छपाईयोग्य करण्याचे काम आम्हां तिघा माजी विद्यार्थ्यांकडे सोपवण्यात आले, तेव्हा हे काम चार रविवारांत संपेल असा आमचा समज होता. पिवळे पडलेले कागद, कोपऱ्यांवरचे डाग, मागच्या बाजूला चिकटलेली अल्बमची काळी चिवट पाने यांची तयारी आम्ही मनाशी केली होती. प्रत्यक्षात आमचा सर्वाधिक वेळ एकाच छायाचित्राने घेतला. त्यावर डाग नव्हता, ते फिकटही झाले नव्हते. त्याच्या उजव्या कडेला एक माणूस उभा होता, एवढीच त्याची अडचण होती.

छायाचित्र 2003 सालच्या अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर काढलेले. गर्दीतून फिरणाऱ्या छायाचित्रकाराने ते काढले आणि नंतर टपालाने घरी पाठवले. आपल्या विद्यालयाच्या एका माजी विद्यार्थिनीचे हे कुटुंब. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि पुढच्या जूनमध्ये पाचवीत आपल्या वसतिगृहात दाखल झाली. छायाचित्रात डावीकडून आजी, मग ती स्वतः, कडेवर तान्हे मूल घेतलेली आई, आईच्या पदराला धरून उभा धाकटा भाऊ आणि सर्वांत उजवीकडे वडील. पाठीमागे स्तूपाचा पांढरा घुमट आणि घुमटापर्यंत पसरलेली माणसेच माणसे. वडील बांधकामावर मजुरी करीत. आठ वर्षांनी ते गेले. घरातील सर्व माणसे एकत्र असलेले हे एकच छायाचित्र त्या घरात आहे.

आणि वडिलांच्याही उजवीकडे, अगदी कडेला, पांढऱ्या सदऱ्यातील एक अनोळखी गृहस्थ. त्यांचा अर्धा खांदा कागदाबाहेर गेलेला, तोंड चित्राबाहेर वळलेले, बहुधा हरवलेल्या सोबत्याला शोधत असावेत. माजी विद्यार्थिनीने छायाचित्राबरोबर चिठ्ठी जोडली होती : कडेचा माणूस काढता आला तर काढावा.

हे वाक्य वाचताना सोपे वाटते. संगणकावर चौकट ओढायची, कडेचा भाग बाहेर ठेवायचा, बटण दाबायचे. आम्हीही तसेच केले, आणि चुकलो. ती चूक पुढे सांगणार आहोत. त्याआधी चित्राचा नकाशा समजून घेणे आवश्यक आहे, कारण सर्व प्रश्न मिलिमीटरांचा होता.

छायाचित्र नेहमीच्या सहा बाय चार इंची आकाराचे, म्हणजे रुंदीला 152 आणि उंचीला 102 मिलिमीटर. डाव्या कडेपासून पट्टी लावून आम्ही मोजमाप केले. आजीच्या लुगड्याची कड 24 मिलिमीटरवर सुरू होते. वडिलांचे शरीर 122 वर संपते. त्यांच्या बाहेरच्या हातात, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला, एक कापडी पिशवी लोंबते आहे. तिची कड 128 वर आहे. अनोळखी गृहस्थांचे कोपर 126 पासून दिसू लागते, म्हणजे पिशवीच्या मागे त्यांच्या बाहीचा दोन मिलिमीटरचा भाग झाकला गेला आहे. त्यांचा चेहरा 137 पासून पुढे. घुमटाचा मध्य 76 वर, म्हणजे नेमका कागदाच्या मध्यावर. आजीच्या लुगड्यापासून पिशवीपर्यंतच्या अंतराचा मध्यही 76 हाच येतो. छायाचित्रकाराने घाईगर्दीत का होईना, कुटुंब आणि घुमट यांची मध्यरेषा एक केली होती. दोन्ही बाजूंना 24 मिलिमीटरची मोकळी जागा त्याने ठेवली होती, आणि कळ दाबण्याच्या क्षणी उजव्या मोकळ्या जागेत एक माणूस येऊन उभा राहिला होता.

आमचा पहिला प्रयत्न असा. माणूस काढायचा, तर वडिलांच्या शरीरालगत कापावे म्हणून आम्ही उजवी कड 124 वर आणली. चित्र लगेच एका बाजूला कलंडल्यासारखे झाले. डावीकडे 24 मिलिमीटर मोकळे, उजवीकडे दोनच. म्हणून डावी कडही 20 वर आत घेतली. उरलेले चित्र 104 बाय 102, जवळपास चौरस. ते नीटनेटके दिसले, अनोळखी गृहस्थ पूर्ण गेले, आणि आम्ही समाधानाने छापील नमुना काढून त्या कुटुंबाच्या घरी घेऊन गेलो.

आईंनी नमुना हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग विचारले, “पिशवी कुठं गेली?”

आम्ही पुन्हा पाहिले. वडिलांचा हात मनगटापाशी तुटला होता, त्याखालची पिशवी चित्राबाहेर गेली होती. आई म्हणाल्या, “त्या पिशवीत पुस्तकं होती बाळांनो. दर वरसाला एक तरी पुस्तक घ्यायचेच ते. त्या साली ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घेतलं होतं. स्वतःला जुळवून जुळवून वाचता यायचं, तरी घेतलं. हिला वाचायला लावायचे संध्याकाळी.” त्या उठल्या आणि फळीवरून ते पुस्तक घेऊन आल्या. बांधणी सुटलेली, वरून खाकी कागदाचे वेष्टण. दीक्षाभूमीवरून परतणाऱ्या माणसाच्या हातात पुस्तकांची पिशवी असणे ही आपल्या समाजात कोणाला सांगावी लागणारी गोष्ट नाही. आम्हांला मात्र ती त्या दिवशी सांगावी लागली, कारण आम्ही चित्रात माणसे पाहिली आणि हात पाहिला नाही.

या चुकीतून दोन गोष्टी आम्हांला कळल्या. पहिली, शरीराचा अवयव सांध्यावर कापला गेला की चित्र अपघात झाल्यासारखे दिसते. मनगट, कोपर, गुडघा, घोटा या ठिकाणी कड येऊ देऊ नये. कापावेच लागले तर दंडाच्या किंवा मांडीच्या मधोमध कापावे, तेथे पाहणारा उरलेला भाग मनानेच पूर्ण करून घेतो. सांध्यावर कापले की अवयव तेथेच संपला असे वाटते. दुसरी गोष्ट अशी की काय काढायचे ते ठरवण्याआधी काय गमावता येणार नाही ते ठरवले पाहिजे, आणि ते चित्रावरून नेहमी कळत नाही. ज्यांचे चित्र आहे त्यांना विचारावे लागते. आम्ही नंतर आलेल्या प्रत्येक छायाचित्राबरोबर पालकांना आधी हाच प्रश्न विचारू लागलो.

त्या पहिल्या नमुन्यात आणखी एक दोष होता, जो आईंनी दाखवला नाही, पण परतीच्या एसटीत आमच्या लक्षात आला. नव्या चौकटीचा मध्य 72 वर आला होता आणि घुमटाचा मध्य 76 वर. घुमट चार मिलिमीटर उजवीकडे सरकला होता. घुमटासारखी दोन्ही उतार सारखे असलेली वस्तू चित्रात असेल, तर ती नेमकी मध्यावर ठेवावी किंवा स्पष्टपणे बाजूला ठेवावी. थोडीशी सरकलेली असेल तर ती ठेवणाऱ्याची चूक दिसते. भिंतीवरची तसबीर पूर्ण वाकडी असेल तर कोणी मुद्दाम तशी लावली असे वाटते, बोटभर वाकडी असेल तर उठून सरळ करावीशी वाटते, तसेच हे.

दुसऱ्या प्रयत्नासाठी आम्ही संगणक बाजूला ठेवला. आपल्या विद्यालयात कार्यानुभवाच्या तासाला पुठ्ठ्याचे काटकोन कापायला शिकवले होते, ते उपयोगी पडले. काळ्या पुठ्ठ्याचे दोन मोठे काटकोन कापून घ्यावेत, प्रत्येकाची भुजा छायाचित्राहून लांब. एक काटकोन डाव्या-खालच्या कोपऱ्याकडून, दुसरा उलटा करून उजव्या-वरच्या कोपऱ्याकडून छायाचित्रावर ठेवला की मध्ये एक खिडकी तयार होते, आणि दोन्ही सरकवून ती हवी तितकी लहान-मोठी करता येते. संगणकाच्या पडद्यावर बाहेरचा भाग धूसर का होईना, दिसत राहतो आणि डोळा त्याचा आधार घेतो. पुठ्ठ्याखाली तो पूर्ण झाकला जातो, त्यामुळे उरलेले चित्र स्वतःच्या पायांवर उभे राहते की नाही हे कळते.

आता पिशवी ठेवायची म्हणजे उजवी कड 128 च्या पलीकडे हवी. आम्ही ती 130 वर ठेवली. मध्य 76 वर राखायचा म्हणून डावी कड 22 वर आणली. जेवढे उजवीकडून 22 मिलिमीटर गेले तेवढेच डावीकडून गेले. घुमट मध्यावर, दोन्ही बाजू समान, माणूस जवळजवळ नाहीसा. गणित निर्दोष होते. तरीही चित्र पाहवेना. आजीचे लुगडे एका कडेपासून दोन मिलिमीटरवर, पिशवी दुसऱ्या कडेपासून दोन मिलिमीटरवर, जणू पाच माणसे आणि एक तान्हे मूल पेटीत दाटून बसवले आहे. दीक्षाभूमीच्या एवढ्या मोठ्या प्रांगणात उभे असलेले कुटुंब, आणि त्याला हात हलवायलाही जागा नाही! समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या करणे एवढेच नव्हे, हे आम्हांला तेथे उमगले. दोन्ही बाजूंनी सारखेच गुदमरणे हाही समतोलच असतो.

जागा हवी होती, आणि उजवीकडील जागा त्या गृहस्थांनी व्यापली होती. या पेचात असताना आमच्या समितीवर असलेल्या आपल्या वयोवृद्ध गुरुजींनी मूळ हरकत घेतली. त्यांनी पुठ्ठ्याचे काटकोन उचलून बाजूला ठेवले आणि पूर्ण छायाचित्र आमच्यासमोर सरकवले. म्हणाले, “हा माणूस परका आहे असं तुम्ही कशावरून ठरवलंत? त्या दिवशी त्या जागेवर परका कोण असतो? तोही कुठून तरी भाकरी बांधून आलेला. 1956 साली आम्ही तिथं उभे होतो तेव्हा शेजारी कोण उभं आहे हे कोणी विचारलं नव्हतं. उद्या कोणी तुम्हांला असं कडेनं कापून काढलं तर?”

आमच्यापैकी कोणालाही लगेच उत्तर देता आले नाही. गुरुजींचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नव्हता. ज्या समाजाला शतकानुशतके चौकटीबाहेर ठेवले गेले, त्या समाजाच्या शाळेच्या स्मरणिकेत आपण एका माणसाला तो केवळ कडेला उभा आहे म्हणून काढतो आहोत, हे मनाला खटकलेच. काही दिवस आम्ही ते छायाचित्र तसेच ठेवले.

तोडगा पुन्हा आईंकडूनच निघाला. त्या एका कामासाठी शाळेत आल्या असता आम्ही त्यांना गुरुजींचे म्हणणे सांगितले. त्या गुरुजींना वाकून नमस्कार करून म्हणाल्या, “गुरुजी, राहू द्या म्हणाल तर राहू द्या तो माणूस. त्यानं आमचं काय वाईट केलं? पण फोटो हातात घेतला की आधी तोच दिसतो. तो बघतो तिकडं आपली नजर जाते, आणि मग यांच्याकडं बघणं होत नाही.”

छायाचित्राचे शास्त्र शिकलेल्या माणसानेही याहून अचूक निदान केले नसते. चित्रातील माणूस जिकडे पाहतो तिकडे पाहणाऱ्याची नजर जाते. ते गृहस्थ कागदाबाहेर पाहत होते, म्हणून वाचकाची नजर कुटुंबाला सोडून पानाबाहेर निघून जात होती. त्यात त्यांचा पांढरा सदरा कडेलगत होता. पसरट गडद भागाच्या शेजारी उजळ ठिपका असला की डोळा आधी तेथे जातो, आणि तो ठिपका कडेला असला तर डोळा कडेवरच अडकतो. शिवाय अर्धा खांदा कापलेला, म्हणजे पलीकडे आणखी काही आहे असे चित्र सांगत राहते. या तीन कारणांनी ते गृहस्थ नको होते. अनोळखी असणे हे त्यांतील एकही कारण नव्हते. कारण अनोळखी माणसे तर पाठीमागे शेकडो होती. त्यांचे चेहरे लहान, थोडे अस्पष्ट, बहुतेकांची तोंडे घुमटाकडे. ती कोणाची नजर ओढून घेत नव्हती. उलट ती काढली असती तर ते दीक्षाभूमीचे छायाचित्र राहिले नसते, कुठल्याही स्टुडिओतील रंगवलेल्या पडद्यासमोरचे झाले असते.

हे कळल्यावर प्रश्नच बदलला. आता माणूस संपूर्ण काढण्याची गरज उरली नाही. त्याची नजर, त्याचा कापलेला खांदा आणि उजळपणा एवढेच काढायचे होते. चेहरा 137 वर सुरू होतो, म्हणजे 137 च्या आत कोठेही कापले की नजर आणि खांदा दोन्ही जातात. राहते ती फक्त बाही. बाहीपुरती जागा आपण त्या गृहस्थांना दिली, तर त्यांनी व्यापलेली जागा आपल्याला श्वास घेण्यापुरती परत मिळते.

तिसऱ्या प्रयत्नात आम्ही उजवी कड 134 वर आणि डावी कड 18 वर ठेवली. दोन्हीकडून 18 मिलिमीटर गेले, मध्य 76 वर कायम राहिला. आजीच्या बाजूला सहा मिलिमीटर मोकळे, पिशवीच्या बाजूला सहा मिलिमीटर. सहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दोनाचे सहा झाल्यावर कुटुंब पेटीतून बाहेर येऊन प्रांगणात उभे राहिले. आणखी एक गोष्ट येथे आमच्या मदतीला आली. वडील छायाचित्रकाराकडे पाहत नाहीत. ते किंचित मान वळवून तान्ह्या मुलाकडे, म्हणजे चित्राच्या आत पाहत आहेत. माणूस ज्या दिशेने पाहतो त्या दिशेला जागा अधिक लागते, पाठीकडे कमी चालते. वडील उजव्या कडेकडे पाहत असते तर सहा मिलिमीटर अपुरे पडले असते, त्यांनी भिंतीला तोंड लावल्यासारखे दिसले असते. ते आत पाहत असल्यामुळे उजवी कड जवळ आली तरी ती त्यांच्या पाठीला आधार दिल्यासारखी वाटते, आणि वाचकाची नजर त्यांच्याबरोबर वळून मुलावर, तेथून आईवर, मुलीवर, आजीवर जाते.

रुंदी आता 116 मिलिमीटर झाली आणि उंची 102 होती. चौरसाच्या जवळ जाणारा पण चौरस नसलेला आकार मघाच्या घुमटासारखाच चुकल्यासारखा दिसतो. म्हणून उंची 93 करून पाच-चार हे प्रमाण घेतले. ही नऊ मिलिमीटर कोठून घ्यायची? घुमटाच्या शिखरावर चौदा मिलिमीटर आकाश होते, त्यातले सहा काढले. पायांखाली सात मिलिमीटर जमीन होती, तीतले तीन काढले. पायांखालची जमीन पूर्ण काढण्याचा मोह टाळावा. पायांना टेकायला जमीन नसली की माणसे अधांतरी वाटतात. त्यातही आजी अनवाणी होत्या, आणि ती पावले आम्हांला राखायची होती.

चौकट योग्य बसली की नाही हे तपासण्यासाठी आम्ही चित्र उलटे, म्हणजे डोके खाली करून पाहिले. चेहरे ओळखू येईनासे झाले की डोळा केवळ उजळ आणि गडद भागांचे वजन मोजतो. मग जे दिसले ते असे : एका बाजूला आजीचे पांढरे लुगडे, दुसऱ्या बाजूला वडिलांचा पांढरा सदरा, वजन सारखे. पण वडिलांच्या पलीकडे एक उजळ पट्टी, त्या गृहस्थांची बाही. सुलट चित्रात ती आमच्या नजरेतून निसटली होती, उलट्यात मात्र टोचू लागली.

बाहीवर दोन उपाय होते. पहिला म्हणजे शेजारच्या गर्दीचा तुकडा उचलून बाहीवर चिकटवणे, संगणकावर हे सहज करता येते. आम्ही करून पाहिले. पिशवीच्या बंदाजवळ, जेथे बाही पिशवीच्या मागे जाते, तेथे कड भुरकट झाली, आणि गर्दीतील एक छत्री दोन ठिकाणी दिसू लागली. एकच छत्री, एकच डोके, एकच फांदी दोनदा दिसली की असे चित्र ओळखता येते. पण खरे कारण वेगळे होते. कापणे म्हणजे आम्ही काय दाखवतो एवढेच ठरवणे. चिकटवणे म्हणजे जे तेथे नव्हते ते होते असे सांगणे. स्मरणिका उद्या कोणी दस्तऐवज म्हणून वाचील. म्हणून आम्ही नियम केला, चौकट लहान करू, उजेड-अंधार कमी-जास्त करू, पण नवे काही रंगवणार नाही.

दुसरा उपाय स्वीकारला. फोटोशॉपमधील बर्न या साधनाने बाहीचा उजळपणा उतरवला, एकदम न उतरवता दहा टक्क्यांच्या हलक्या हाताने पाच-सहा वेळा फिरवून, मागच्या गर्दीतील सदऱ्यांइतका होईपर्यंत. जास्त उतरवले की पांढरे कापड राखेसारखे करडे आणि मळकट दिसते. तेवढ्यात थांबावे लागते. आता ती बाही गर्दीतील आणखी एका माणसाची बाही झाली. चित्र पुन्हा उलटे करून पाहिले, टोचणारे काही उरले नाही.

छपाईचे गणित शेवटी सांगतो, कारण पुढच्या स्मरणिकेच्या मंडळींना ते उपयोगी पडेल. मूळ छायाचित्र आम्ही 600 डीपीआयवर स्कॅन केले होते, म्हणजे 3600 बाय 2400 ठिपके. कापल्यानंतर साधारण 2740 बाय 2197 उरले. छपाईला इंचाला 300 ठिपके पुरतात, त्या हिशोबाने हे चित्र नऊ इंच रुंद छापता येईल असे आकडे सांगतात. आकड्यांवर विसंबू नये. मूळ कागदावरच जेवढे बारकावे आहेत त्याहून अधिक स्कॅनर आणू शकत नाही. तो फक्त त्याच बारकाव्यांचे अधिक ठिपके करतो. 116 मिलिमीटरचा तुकडा म्हणजे साडेचार इंचांहून थोडा अधिक. आम्ही तो पाच इंच रुंद छापला आहे, म्हणजे मूळ आकाराहून किंचितच मोठा. पूर्ण पानभर छापला असता तर चेहरे मऊ पडले असते. कापलेले चित्र कापलेल्या आकाराच्या आसपासच ठेवावे, हा सोपा नियम.

आणि कात्री कागदाला लावू नये. मूळ छायाचित्र आम्ही स्पर्शही न करता, म्हणजे कडेला धरून, स्कॅन करून परत केले. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात वेगळे ठेवले आहे, त्यावर कोणतेही काम केलेले नाही. कामाची प्रत वेगळी. फोटोशॉपमध्ये कापताना `Delete Cropped Pixels` ही खूण काढून ठेवली, म्हणजे चौकटीबाहेरचा भाग पुसला जात नाही, फक्त झाकला जातो. ते गृहस्थ त्या प्रतीत आजही आहेत. चौकट ओढली की दिसतात.

गुरुजींना आम्ही अंतिम नमुना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून उजवी कड पाहिली आणि म्हणाले, “बाही राहिली की त्याची.” आम्ही होय म्हटले. “मग ठीक आहे,” एवढेच बोलून त्यांनी नमुन्याच्या मागे सही केली.

आईंकडे नमुना घेऊन गेलो तेव्हा माजी विद्यार्थिनीही घरी आली होती. आता तीच शिक्षिका आहे. आईंनी चित्र खिडकीजवळ नेले. या वेळी त्यांचे बोट आधी पिशवीवर गेले, तेथून वडिलांच्या हातावरून वर चेहऱ्यापर्यंत, आणि वडील जिकडे पाहत आहेत तिकडे, कडेवरच्या मुलापर्यंत. बोट कडेकडे गेले नाही. आम्ही त्याचीच वाट पाहत होतो.

हे छायाचित्र या स्मरणिकेच्या कुटुंब विभागात छापले आहे. त्याखालील ओळीत आम्ही पाच माणसे, तान्हे मूल आणि स्थळ-साल यांबरोबर हेही नोंदवले आहे की चित्र दोन्ही बाजूंनी कापलेले आहे. वाचकांनी पिशवी अवश्य पाहावी. तिच्या मागे एक बाही आहे. ती कोणाची, हे या स्मरणिकेच्या वाचकांपैकी कोणी ओळखले, तर आमच्याकडे ते गृहस्थ पूर्ण आहेत. आम्ही त्यांचे चित्र त्यांच्या घरी पोचते करू.